किल्ली शोधली, पण सापडली का? चिनी क्रियापदांमागचे च्येन, ताव आणि वान

शनिवारच्या वर्गात एकीनं वाक्य केलं : "वो चाव ल याव-श्र." तिला म्हणायचं होतं, "मला किल्ली सापडली." चिनी माणूस हे ऐकून लगेच विचारेल, "मग, सापडली का?" कारण 'चाव' म्हणजे नुसतं शोधणं. शोधाशोध झाली एवढंच कळलं, हाती काय लागलं ते कळलंच नाही. सापडली म्हणायला 'ताव' जोडावा लागतो : "याव-श्र चाव-ताव ल."

चिनी भाषा धडपड आणि तिचं फळ अशी वेगवेगळी सांगते. आधी क्रियापद, त्याला चिकटून फळ. आपल्याला हे अवघड जाऊ नये, कारण मराठीतही बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं, शोधणं वेगळं आणि सापडणं वेगळं. फरक एवढाच की आपल्याकडे दोन स्वतंत्र क्रियापदं आहेत आणि चिनीत एकाच क्रियापदाला शेपूट लागतं.

उच्चारांचं आधी सांगते. 'चाव' मधला च 'चहा'तला, दातांनी चावण्यातला नव्हे. च्येन आणि ताव चौथ्या सुरात, म्हणजे वरून झपकन खाली. वान दुसऱ्या सुरात, खालून वर चढणारा. सूर देवनागरीत दिसत नाहीत, म्हणून वर्गातलं रेकॉर्डिंग ऐकत वाचा.

'च्येन' इंद्रियांना कळलेल्या गोष्टीसाठी. खान म्हणजे बघणं, खान-च्येन म्हणजे दिसणं. थिंग म्हणजे ऐकणं, थिंग-च्येन म्हणजे ऐकू येणं. फळ्याकडे बघितलं, पण अक्षर दिसलं नाही : "वो खान ल, मेइ खान-च्येन." भेटगाठ आणि स्वप्न यांनाही च्येन लागतो : यू-च्येन म्हणजे वाटेत अचानक गाठ पडणं, मंग-च्येन म्हणजे स्वप्नात दिसणं.

इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. आपण 'मी बघतो' म्हणतो, पण 'मला दिसतं'. चिनीत दोन्हीकडे 'वो' कर्ताच राहतो. 'मला'साठी वेगळं काही शोधत बसू नका.

'ताव'चा पसारा मोठा आहे. मुळात 'ताव' म्हणजे पोचणं. क्रिया आपल्या लक्ष्यापर्यंत पोचली की तो लागतो. म्हणून खान-ताव आणि खान-च्येन बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी चालतात, पण किल्ली सापडण्याला किंवा तिकीट मिळण्याला च्येन चालत नाही. चीनमध्ये वसंतोत्सवाला सगळा देश घरी निघतो, तेव्हा हा प्रश्न जिकडेतिकडे ऐकू येतो : "फ्याव माय-ताव ल मा?" तिकीट मिळालं का? वेळेपर्यंत पोचणंही यातच आलं : "श्वेइ-ताव श्र त्येन", दहापर्यंत झोपणं.

'वान' सगळ्यांत सोपा, कारण तो आपल्या 'करून झालं'सारखाच आहे. आई विचारते, "त्स्वो-ये श्ये-वान ल मा?" गृहपाठ लिहून झाला का? मुलगा म्हणतो, "हाय मेइ श्ये-वान." अजून नाही झाला. नाश्त्याच्या टपरीवर उशिरा गेलात तर ऐकाल, "पाव-त्स माय-वान ल", पाव-त्स, म्हणजे सारण भरलेले वाफवलेले गोळे, संपले. हा माय चौथ्या सुरातला, म्हणजे विकणं. तिकिटातला माय तिसऱ्या सुरातला, म्हणजे विकत घेणं. एवढ्या एका सुरावर गिऱ्हाईक आणि दुकानदार बदलतात.

क्रियापद आणि शेपूट यांच्यामध्ये कर्म घुसवायचं नाही. जेवण झालं हे "छ्र-वान फान ल". "छ्र फान वान" हे चिनी नाही. आणि फळ मिळालं नाही हे सांगताना नकाराचा मेइ आधी येतो आणि 'झालं' सांगणारा ल गळतो. "मेइ चाव-ताव ल" असं निम्म्या वह्यांत दिसलं, ते आजच खोडा.

मध्ये बसू शकतात ते दोनच : 'त' आणि 'पु'. ते बसले की अर्थ 'जमेल' किंवा 'जमणार नाही' असा होतो. फोनवर आवाज तुटायला लागला की, "वेइ, थिंग त च्येन मा?" ऐकू येतंय का? उत्तर, "थिंग पु च्येन." हॉटेलात ताटात उरलं तर, "छ्र पु वान, ता-पाव", संपणार नाही, बांधून द्या. मेइ आणि पु यांतला फरक नीट पकडा, मला तो या धड्यातला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो. "मेइ माय-ताव" म्हणजे गेलो होतो, मिळालं नाही. "माय पु ताव" म्हणजे मिळायची सोयच नाही. मराठीत 'मिळालं नाही' आणि 'मिळतच नाही' यांत जे अंतर आहे, तेच इथे एका अक्षराच्या जागेवर तोललेलं आहे.

पुढच्या शनिवारी पाच वाक्यं लिहून आणा : घरात हरवलेली एक वस्तू, शोधली कुठे, सापडली की नाही. किमान एकात 'चाव पु ताव' हवं.