साहित्य आढावा तक्ता : ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडणाऱ्या लेकरांचं शिकणं

पीएच.डी. (शिक्षणशास्त्र), संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीसाठी. मसुदा तिसरा.

मॅडम,

दोनशे पानी वहीतल्या टिपा आता या तक्त्यात आल्या आहेत. आधीचे दोन्ही मसुदे प्रकाशनाच्या वर्षाप्रमाणे लावले होते. ते पाहून तुम्ही विचारलं होतं, “यातून तुमच्या पाटोद्याच्या शाळेला काय मिळतं?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. या वेळी ओळी एकाच प्रश्नावर लावल्या आहेत: अभ्यास चालू असताना मूल कुठं होतं? वरच्या ओळींत ते वर्गात आहे, मधल्या दोन ओळी शिक्षकाच्या आहेत आणि खालच्या तीन ओळींत मूल शाळेपासून तुटलेलं आहे.

‘प्र.वि.’ म्हणजे प्रमाण विचलन.

| अभ्यास | पद्धत | नमुना | निष्कर्ष | माझी नोंद |
|---|---|---|---|---|
| बॅनर्जी, कोल, डुफ्लो, लिंडेन (२००७) | यादृच्छिक प्रयोग, दोन वर्षं. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच शिकलेली तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, रोज दोन तास वेगळं बसवून शिकवते | मुंबई व वडोदरा इथल्या महापालिका शाळा, तिसरी-चौथी, १५,००० हून अधिक मुलं | सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४, दुसऱ्या वर्षी ०.२८ प्र.वि. वाढले. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने फायदा ०.१ च्या आसपास उरला | मराठी शाळांच्या सर्वांत जवळचा अभ्यास. पण मुलं शहरातली आणि वर्षभर त्याच शाळेत. फायदा ओसरतो ही गोष्ट माझ्यासाठी वाढीपेक्षाही महत्त्वाची |
| बॅनर्जी, बॅनर्जी, डुफ्लो, ग्लेनर्स्टर, खेमानी (२०१०) | यादृच्छिक प्रयोग. काही गावांत फक्त माहितीच्या बैठका, काही गावांत त्यासोबत स्वयंसेवकांचे वाचनवर्ग | जौनपूर जिल्हा, उत्तर प्रदेश. २८० गावं | नुसत्या बैठकांनी काही बदललं नाही. वाचनवर्गाला आलेली मुलं सुधारली, पण आली फक्त सुमारे ८% | दोन वेगळे बॅनर्जी आहेत, संदर्भ देताना गल्लत नको. ग्रामसभेत ठराव करून लेकरू थांबत नाही, हे आमच्याकडेही पाहिलं आहे |
| मुरलीधरन, सिंग, गॅनिमियन (२०१९) | सोडत काढून प्रवेश. शाळेनंतरच्या केंद्रात संगणकावर मुलाच्या पातळीचा अभ्यास, साडेचार महिने | दिल्ली, सरकारी शाळांतले ६१९ विद्यार्थी | गणितात ०.३७, हिंदीत ०.२३ प्र.वि. वाढ | ‘इयत्ता एक, पातळी दुसरी’ हे मांडायला उपयोगी. उपाय म्हणून सध्या बाजूला |
| क्रेमर, चौधुरी, रॉजर्स, मुरलीधरन, हॅमर (२००५) | न कळवता शाळाभेटी | २० राज्यं, सुमारे ३,७०० शाळा | २५% शिक्षक गैरहजर. महाराष्ट्रात सर्वांत कमी १५%, झारखंडमध्ये सर्वांत जास्त ४२% | आकडे २००३ च्या भेटींचे, आजचे म्हणून वापरणार नाही |
| डुफ्लो, हॅना, रायन (२०१२) | यादृच्छिक प्रयोग. रोज कॅमेऱ्याने फोटो, त्यावर पगार | उदयपूर जिल्हा, एकशिक्षकी अनौपचारिक शाळा | शिक्षकांची गैरहजेरी ४२% वरून २१% वर. मुलांचे गुण ०.१७ प्र.वि. जास्त | खाली दुरुस्ती पाहावी |
| कॉफी (२०१३) | घरोघर सर्वेक्षण. जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांची तुलना | राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात यांच्या सीमा मिळतात तो भाग, हंगामी स्थलांतराची घरं | सोबत जाणाऱ्या मुलांच्या शिक्षणात घराची गुंतवणूक न जाणाऱ्यांपेक्षा कमी | हा एकच नमुना आमच्या लेकरांसारखा आहे |
| अँग्रिस्ट, बर्गमन, मात्शेंग (२०२२) | यादृच्छिक प्रयोग. एका गटाला नुसता एसएमएस, दुसऱ्याला एसएमएस आणि आठवड्याला फोन | बोत्सवाना, सुमारे ४,५०० कुटुंबं, कोविडमध्ये शाळा बंद असताना | फोन आणि एसएमएस मिळून ०.१२ प्र.वि. वाढ. नुसत्या एसएमएसचा परिणाम दिसला नाही | शाळा बंद असतानाही मूल घरीच होतं. कोपीवर फोन बापाच्या कमरेला आणि बाप फडात |
| सिंग, रोमेरो, मुरलीधरन (२०२२) | त्याच भागातल्या मुलांची कोविडआधीची आणि नंतरची चाचणी, घरी जाऊन | ग्रामीण तामिळनाडू, सुमारे १९,००० मुलं | डिसेंबर २०२१ मध्ये गणितात सुमारे ०.७, भाषेत ०.३४ प्र.वि. तूट. सहा महिन्यांत दोन तृतीयांश तूट भरली. त्यात राज्याच्या शाळाबाह्य वर्गांचा वाटा जवळपास चौथा | चाचणी घरी घेतली, म्हणून शाळेत न येणारी मुलंही मोजली गेली. माझ्या आराखड्यासाठी सर्वांत मोलाची ओळ |

उदयपूरच्या ओळीतली दुरुस्ती. वहीत ‘गैरहजेरी २१ टक्क्यांनी घटली’ असं लिहिलं होतं आणि पहिल्या मसुद्यात तेच उतरलं. मूळ लेख पुन्हा उघडला तेव्हा कळलं की ती घट २१ टक्केबिंदूंची आहे. ४२ वरून २१ म्हणजे गैरहजेरी निम्म्यावर आली. माझ्या वाक्याने ती ४२ वरून साधारण ३३ वर आली असा अर्थ झाला असता. त्यानंतर निष्कर्षाच्या स्तंभातला प्रत्येक आकडा लेखातल्या तक्त्याशी ताडून पाहिला.

प्र.वि. बद्दल. ०.३७ हे ०.१२ च्या तिप्पट, असं प्रकरणात कुठंही लिहिणार नाही. चाचण्या वेगळ्या, वयं वेगळी, कालावधी वेगळे.

नमुन्याचा स्तंभ वरून खाली वाचला तेव्हा. निष्कर्ष वाचत होते तोवर ‘पातळीनुसार शिकवलं की मूल शिकतं’ एवढंच दिसत होतं. नुसता नमुना वाचल्यावर लक्षात आलं की पहिल्या तीन ओळींतला उपाय त्याच ठिकाणी राहणाऱ्या मुलासाठी आखलेला आहे. आमच्याकडे दसरा-दिवाळीला टोळी भरते, ट्रकवर बिऱ्हाड चढतं आणि लेकरू मार्च-एप्रिलला परत येतं. माझ्या शाळेच्या दुसरी ते चौथीच्या हजेरीपटावर ऑगस्टमध्ये ३४ नावांपुढे खुणा आहेत, जानेवारीत १५ पुढे. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात थांबलेली तेवढीच. जानेवारीत चाचणी घेतली तर शाळेची सरासरी चांगली दिसेल आणि माझा संशोधनप्रश्नच नमुन्यातून निघून जाईल.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर, आकडे जुने असले तरी, क्रेमर यांच्या ओळीमुळे एक सोपं स्पष्टीकरणही दुबळं होतं. मास्तर शाळेत येत नाहीत, एवढ्यावर ही तूट टाकता येत नाही. मास्तर वर्गात उभा आहे आणि बाकं रिकामी आहेत.

म्हणून तक्त्याला सहावा स्तंभ जोडायची परवानगी हवी आहे: ‘चाचणीच्या दिवशी न सापडलेली मुलं’. बालसखीच्या लेखात अशा मुलांची दोन्ही गटांतली तुलना दिली आहे, ती पहिली भरते. बाकीच्या लेखांची परिशिष्टं एकेक करून वाचायची आहेत. त्याला तीन आठवडे लागतील. तोवर संशोधनातली पोकळी असं धरते: जाणं-येणं ठरलेलंच आहे अशा मुलाची तूट परतल्यावर किती भरते आणि पुढच्या हंगामात किती पुन्हा पडते, हे या आठही ओळींत मोजलेलं नाही. तामिळनाडूतल्या मुलांची शाळा एकदा सुटली आणि सुरू झाली. आमच्या चौथीतल्या पोरीची ती तीनदा सुटली आहे.

चाचणी दोनदा घ्यावी असं वाटतं, सप्टेंबरात टोळ्या भरायच्या आधी आणि एप्रिलअखेर, दोन्ही वेळा घरी जाऊन. एप्रिलअखेर शाळेला सुट्टीची तयारी असते आणि घरात परतलेल्या माणसांचा मुकादमाशी उचलीचा हिशेब चाललेला असतो, त्यामुळे वेळ संध्याकाळचीच धरली आहे. बैठकीआधी सप्टेंबरच्या चाचणीचा नमुना पाहून घ्याल का? तो सोबत जोडला आहे.