पाडव्याच्या पंगतीला दोन शब्द

थांबा, थांबा, बासुंदीच्या वाटीला अजून कोणी हात लावू नका. ओंकार, तो फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेव बघू, म्हणजे मंदारला सगळी पंगत दिसेल. मंदार, येतोय ना रे आवाज? बरं.

पाडव्याच्या पंगतीत आधी आजोबा बोलायचे, त्यांच्यानंतर बापूकाका. आज सकाळी काका म्हणाले, "वृषाली, भावंडांत थोरली तू. यंदा तू बोल." काकांचा शब्द या घरात कोणी मोडत नाही, म्हणून उभी राहिले आहे. लांबवणार नाही. पानं वाढलेली आहेत.

गेल्या वर्षी या माजघरात पंगत बसली नाही. चैत्रात आजी गेली आणि आपण दिवाळी केली नाही. कढई चढली नाही, आकाशकंदील माळ्यावरच राहिला. आळीतल्या घराघरांतून फराळाचे डबे मात्र आले. कोणी चिवडा, कोणी लाडू. ज्यांच्याशी आपलं एरवी फारसं येणंजाणं नाही, त्यांच्याकडूनही आले. या वर्षी काकूने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ते डबे घासूनपुसून बाहेर काढले आणि भरून ज्याचे त्याच्या घरी पोचवले. आपल्या घरचा फराळ आपण चाखायच्या आधी आळीने चाखलाय. आजीने हेच केलं असतं.

आणि अनारसे. त्याबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, किंचित ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून मळायचं आणि मग पीठ मुरू द्यायचं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तुपात सोडल्यावर अनारसा हसला की गेलाच. आजी पिठाला नुसतं बोट लावून सांगायची, अजून एक दिवस थांबा म्हणून. परवा काकूने पहिला अनारसा सोडला तेव्हा मी, आत्या आणि केतकी, तिघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. अनारसा हसला नाही. छान जाळी पडली, खसखस सगळीकडे सारखी राहिली. आत्याने झाऱ्यावरचा तो अनारसा घेतला आणि आधी आजीच्या फोटोपुढे ठेवला. काकू, ते बोट आता तुझ्याकडे आलंय.

काकू, मान खाली घालू नकोस, मला पुढेही बोलायचंय. आजी अंथरुणाला खिळली ती दोन वर्षं. आम्ही पुण्याहून, मुंबईहून शनिवार-रविवार यायचो, तिच्याशी गप्पा मारायचो, ती खूश व्हायची. सोमवार ते शुक्रवार तू होतीस. रात्री-अपरात्री कूस बदलायला तू, भात मऊ करून भरवायला तू, आणि ती चिडली की ऐकून घ्यायलाही तूच. शेवटी शेवटी तिला आमची नावं आठवायची नाहीत, पण तुला हाक मारायला ती कधी चुकली नाही. हे सगळ्यांसमोर कधी बोललं गेलं नव्हतं. आज पाडवा आहे, घरातली सगळी माणसं बसली आहेत, म्हणून आज सांगते. या घराची दिवाळी यंदा परत उभी राहिली ती तुझ्यामुळे.

काका, तुम्हीही. सकाळी दुकानात वहीपूजन झालं, मुलं होती तिथे. रोजचा हिशेब आता संगणकावर असतो, तरी पाडव्याला लाल कापडी बांधणीची वही काकांनी सोडलेली नाही. पहिल्या पानावर श्री, त्याखाली शुभ-लाभ, आणि पहिली नोंद हळदीची. आपल्या वाईच्या मातीत हळद पिकते, तेव्हा नव्या वर्षाचा पहिला माल तीच, असा आजोबांचा नेम. आणि ती घ्यायची घरातल्या लहान मुलाने, स्वतःच्या हाताने पैसे मोजून. आज इराने घेतली, म्हणून वहीत इराचं नाव लागलं. इरा, जुन्या वह्या काकांनी जपून ठेवल्यात. त्यांतल्या एकेका पाडव्याला मी आहे, मंदारमामा आहे, केतकीमावशी आहे. जेवण झाल्यावर दाखवते तुला.

अंगणातला किल्ला सगळ्यांनी बघितलात ना? दरवर्षी प्रतापगड असतो, यंदा मुलांनी पांडवगड केलाय. का, तर तो गच्चीवरून दिसतो, त्यामुळे बुरूज मोजता आले. अळीव वेळेवर पेरल्यामुळे उतारही हिरवेगार झालेत. शाब्बास रे पोरांनो.

आता निखिलराव. तुमचा हा दिवाळसण, पहिली दिवाळी. केतकीने तुम्हाला आज पहिल्यांदा पाडव्याचं ओवाळलं आणि ताटात तुम्ही काय ओवाळणी घातलीत ती आम्ही सगळ्यांनी पाहिली. साडी, आणि साडीवर आजीचा तो जुना फोटो, नीट करून, चौकटीत बसवून. आजी तुम्हाला भेटली नाही. तरी केतकीला काय हवं असेल हे तुम्हाला कळलं, आणि त्या क्षणी तुम्ही या घरचे झालात. केतकी आमच्यातलं शेंडेफळ. तिला जपा असं मी सांगणार नाही, ती तुम्हाला जपेल एवढी खंबीर आहे. दोघं एकमेकांशी मोकळेपणाने बोलत राहा. भांडण झालं तरी जेवण एका ताटावर घ्या. काका-काकूंना मी गेली कित्येक वर्षं तसंच पाहत आले आहे.

मंदार, तुझ्या वाटचा डबा आत्याने पाठवलाय, चकल्या जास्त घातल्यात. आजच्या दिवशी तू एवढ्या लांब असलास तरी पंगतीतली तुझी जागा तशीच ठेवलीय, ओंकारच्या शेजारी, खांबाला लागून. तिथे पाटही मांडलाय. पुढच्या पाडव्याला त्यावर येऊन बस.

आई, बाबा, आत्या, तुमच्याबद्दल बोलायला लागले तर बासुंदी आटून रबडी होईल, म्हणून नुसता नमस्कार करते. उद्या भाऊबीज आहे. बाबा आत्याकडून ओवाळून घेतील तेव्हा दोघांनाही बोलायला लावू.

आज बळीराजाचा दिवस. सगळं दान देऊन पाताळात गेलेला राजा आज आपल्या प्रजेला भेटायला येतो, असं आजी सांगायची, आणि ओवाळताना एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत एकच वाक्य म्हणायची. पुढे-मागे कोणाला चुकवायची नाही, जावयाला नाही आणि दुकानातल्या गड्यालाही नाही. ते वाक्य आता आपण सगळे मिळून म्हणू. बासुंदीच्या वाट्या उचला. मंदार, तुझ्याकडे जे असेल ते उचल, चहा चालेल. हा मान बापूकाका आणि नलिनीकाकूंचा, केतकी आणि निखिलरावांच्या नव्या संसाराचा, आणि ज्या घराने आपल्याला मोठं केलं त्या घराचा. म्हणा माझ्याबरोबर, मोठ्याने, आळीत ऐकू जाऊ दे:

इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो!

हं, आता करा सुरुवात. आणि काकू, तू तो डाव खाली ठेव. आज तू काकांच्या शेजारच्या पाटावर बसायचंस. ओंकार आणि मी वाढणार आहोत. निखिलराव, पुरणपोळीवर तूप किती घालू?