हा निरोप पोचवा

आदरणीय मुख्याध्यापक सर, संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी, कामाच्या दिवशी वेळ काढून आलेले माजी विद्यार्थी, पालक आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मुलांनो,

मघापासून इथे दोन शब्द सारखे ऐकू आले. 'मॅडमचा वारसा' आणि 'कृतज्ञता'. ऐकताना मन भरून आलं. पण मी मराठीची शिक्षिका आहे आणि महिनाअखेरपर्यंत माझं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे. तेव्हा आज एक तास मला द्या. या दोन शब्दांचा.

आधी वारसा. हा शब्द मुळात अरबीतला, 'वारिस'वरून आपल्याकडे आला. आपण रोज घेतो ती हजेरीसुद्धा तिकडचीच. म्हणजे ज्या शब्दानं आपण वारसा सांगतो, तो शब्दच आपल्याला वारशात मिळालेला. आता पुढचं पाहा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी वावर आहे त्यांनी तलाठ्याकडे होणारी वारसनोंद पाहिली असेल. आजोबा गेले की सातबाऱ्यावर मुलांची नावं चढतात. पण जमिनीवर कर्ज असेल तर त्या मालमत्तेपुरती त्याचीही जबाबदारी वारसांवर येते. नुसतं घेणं आणि देणं सोडून देणं, असा वारसा नसतो.

म्हणून 'मॅडम मोठा वारसा ठेवून चालल्या' हे वाक्य मला अर्धं वाटतं. मी आधी वारस आहे. माझ्याकडे जे आलं ते कुणाचं होतं, हे सांगितल्याशिवाय मी ते पुढे कसं देऊ?

आठवीच्या मुलांना मी दरवर्षी रिद्धपूरची गोष्ट सांगते. आपल्या विदर्भातलं, अमरावती जिल्ह्यातलं गाव. तिथे आता मराठी भाषेचं विद्यापीठ आहे. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांच्याकडे ते गेले, विचारलं, लिहून घेतलं. त्यातून लीळाचरित्र झालं. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. तरी ग्रंथ वाचला, कारण तो माणसांना पाठ होता. हिराइसा नावाच्या एका बाईंच्या स्मरणातून आलेला पाठ आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा परिपाठात मी पहिलं नाव हिराइसांचं घेतलं होतं. मुलींनी ते लक्षात ठेवावं, अशी माझी फार इच्छा होती.

पाठ! केवढा शब्द आहे हा. पुस्तकातला धडा तो पाठ, तोंडी येतं ते पाठ, आणि शाबासकीची थाप पडते तीही पाठ. मला या शाळेत तिन्ही मिळाल्या. आता निवृत्त होताना पाठ फिरवते आहे, असं मात्र कुणी म्हणू नका.

आता कृतज्ञता. फळ्यावर फोड करू. कृत म्हणजे केलेलं. ज्ञ म्हणजे जाणणारा. कृतज्ञ म्हणजे कुणी काय केलं ते जाणणारा. याच्या उलट कृतघ्न. यातला 'घ्न' शत्रुघ्नातला, नाश करणारा. केलेल्याचा नाश करणारा तो कृतघ्न, आणि नाश करायला हातात काही घ्यावं लागत नाही, विसरलं तरी पुरे. मला हा शब्द यासाठी आवडतो की त्याच्या पोटात ज्ञान आहे. मन भरून येणं चांगलंच, पण कृतज्ञ व्हायला माहिती लागते. कोणी, केव्हा, काय केलं? म्हाइंभटांसारखं जाऊन विचारावं लागतं.

तर मला जे माहीत आहे ते सांगते.

आपले शिपाई काका तिथे दाराशी उभे आहेत. काका, बसा हो आज. 2020 मध्ये शाळा बंद होती आणि वर्गातल्या कितीतरी घरांत एकच मोबाइल, तोही वडिलांसोबत कामावर गेलेला. तेव्हा मी घरी बसून स्वाध्याय तयार करत होते. ते कागद इतवारीत, गोळीबार चौकात, पार नंदनवनपर्यंत सायकलनं पोचवले काकांनी. कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षीची जी मुलं आज 'मॅडममुळे शिकलो' म्हणाली, त्यांना हे ठाऊक नसेल. आता ठाऊक झालं.

माझ्या आधी मराठी शिकवणाऱ्या बाई आज हयात नाहीत. मी नवीन होते तेव्हा त्यांनी दहावीच्या उत्तरपत्रिका माझ्यासोबत बसून वाचल्या. लाल पेन उचलण्याआधी पूर्ण उत्तर वाच, मुलाला काय म्हणायचं आहे ते आधी शोध, हे त्यांचं सांगणं. तुम्हाला माझी जी सवय आवडली असेल, ती त्यांची आहे.

आणि तुम्ही मुलं. नववीतल्या एका मुलानं विचारलं होतं, 'मॅडम, आजी म्हणते मी जाऊन राहिली, मग ते चूक कसं?' पेपरात प्रमाणभाषा लिहायची, हे मी त्याला समजावलं. पण आजी चूक नाही, हेही त्याच तासाला सांगितलं. मग आम्ही एक वही सुरू केली. ज्यानं त्यानं घरून शब्द आणायचे, आणि शब्दासमोर तो कोणाकडून मिळाला ते लिहायचं. सांभार, भेदरं, पऱ्हाटी, काहून. कुणी गोंडी शब्द आणले, कुणी बाजारातले. पुण्या-मुंबईचं पुस्तक शिकवता शिकवता माझी स्वतःची मराठी त्या वहीनं मोठी केली. मी तुमची वारस आहे, ती अशी.

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत यानंतर 'आभारप्रदर्शन' आहे. आभारात भार आहे, आणि उतराई व्हायचं म्हणजे तो उतरवायचा. मला हा भार उतरवायचा नाही. तुम्हीही माझा उतरवू नका. बर्डीवर कुठे भेटलात तर पाया पडण्याआधी सांगा, सध्या काय वाचता आहात.

राहिला एक शब्द, फलकावर लिहिलेला. निरोप. आपल्या भाषेत जाणाऱ्याला देतात तोही निरोप आणि कुणाला सांगून पाठवतात तोही निरोप. शाल आणि श्रीफळासोबत पहिला मला मिळाला. दुसरा मी देते, नीट पोचवा.

दहावीच्या मुलांना निरोप: उपयोजित लेखन शेवटावर ठेवू नका. पत्राचा मायना रोज एक लिहा.

नव्या रुजू झालेल्या मॅडमना निरोप: शब्दांची वही ग्रंथालयात कोशांशेजारी ठेवली आहे. तिच्यात अजून पानं शिल्लक आहेत. नाव लिहिल्याशिवाय शब्द घेऊ नका.

माजी विद्यार्थ्यांना निरोप: ज्यांनी तुम्हाला घडवलं आणि ज्यांचा सत्कार कधी झाला नाही, त्यांच्याकडे या दिवाळीच्या आत जाऊन या. बसा, विचारा, लिहून घ्या.

आणि नववी 'ब': तुमच्या निबंधाच्या वह्या तपासून कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. प्रत्येकीत मी दोन ओळी लिहिल्या आहेत. सोमवारी घेऊन जा. आता चला, जेवण थंड होतंय.