हंगामी वसतिगृहासाठी देणगीदारांपुढे करावयाचे सादरीकरण
(स्थळ: कोथरूड, पुणे. स्लाइड आणि त्यांसोबतचे निवेदन)

स्लाइड १: दसऱ्यानंतरचे गाव

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात दसरा झाला की मुकादमाची गाडी येते आणि मजुरीची आगाऊ उचल घेतलेली कुटुंबे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा पुढे कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात. तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजली जाते, त्यामुळे आई घरी थांबू शकत नाही. मग मूलही सोबत जाते आणि जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव तेवढे उरते. घरचे परततात मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. या मुलांना त्यांच्याच गावात, त्यांच्याच शाळेत ठेवता यावे, यासाठी आमची संस्था सहा महिन्यांचे वसतिगृह चालवते.

स्लाइड २: दोन मुले

या स्लाइडवर कोणाचेही छायाचित्र नाही आणि मी नावेही सांगणार नाही, कारण मदत मिळावी म्हणून मुलांचे चेहरे दाखवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

पहिली मुलगी आता सहावीत आहे. चौथीच्या वर्षी ती आईवडिलांबरोबर गेली होती. पहाटे ते फडात गेले की धाकट्या भावाला सांभाळणे, पाणी आणणे आणि भाकरी थापणे हे तिचे काम होते. परत आली तेव्हा तिला भागाकार येत नव्हता आणि वर्गात ती तोंड उघडत नव्हती. पाचवीत ती आमच्याकडे राहिली, भावालाही सोबत ठेवले आणि दोघांनी वर्षभराची शाळा पूर्ण केली. आज संध्याकाळच्या अभ्यासात लहान मुलांचे पाढे तीच घेते.

दुसरा मुलगा गेल्या जानेवारीत वसतिगृह सोडून गेला. फडावर आईचे बाळंतपण झाले, तिला हाताशी कोणी हवे होते आणि वडिलांनी त्याला बोलावून घेतले. तो परीक्षेला बसला नाही. हेही आपल्याला कळले पाहिजे, कारण वसतिगृह उघडले म्हणजे स्थलांतराची सगळी ओढ थांबते, असे सांगून मी आपल्याकडून पैसे मागू इच्छित नाही. हा मुलगा यंदा पुन्हा येणार आहे; त्याच्या आजीने तसे स्वतः येऊन सांगितले.

शासनाची वसतिगृहे आहेत ना, असा प्रश्न आपल्या मनात येईल. संत भगवानबाबा वसतिगृह योजना तालुक्याच्या ठिकाणी आहे आणि मोठ्या मुलांना आम्ही तिकडे जाण्यास सांगतो. पहिली ते सातवीच्या मुलांना मात्र स्वतःच्या गावापासून दूर पाठवायला आया तयार होत नाहीत. आमचे काम तेवढ्यापुरते आहे.

स्लाइड ३: ४० मुले, १८० दिवस, खर्च ८,५२,००० रुपये

जेवण व इंधन (रोज प्रत्येकी ६० रुपये): ४,३२,०००
निवासी काळजीवाहक, दोन: १,४४,०००
स्वयंपाकी, दोघी: १,०८,०००
अंथरूण-पांघरूण, साबण, औषधोपचार: ६०,०००
संध्याकाळचे शिक्षक, एक: ४८,०००
पाणी व वीज: ३६,०००
हिशेब व लेखापरीक्षण: २४,०००

जागेचे भाडे नाही, कारण ग्रामपंचायतीने सभागृह दिले आहे. निम्म्याहून अधिक रक्कम ताटात जाते आणि तिला कात्री लावण्याची आमची तयारी नाही. काळजीवाहकांच्या मानधनाबद्दल नेहमी विचारणा होते. ते पतीपत्नी आहेत, रात्रंदिवस तिथेच राहतात. रात्री तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात नेणारे तेच असतात. प्रत्येकी महिना १२,००० रुपये ही रक्कम मला अपुरी वाटते, जास्त तर नाहीच.

स्लाइड ४: आपल्याकडे मागणे

एका मुलाचा सहा महिन्यांचा खर्च २१,३०० रुपये येतो. सोळा मुलांची रक्कम गावकरी आणि जुने देणगीदार यांच्याकडून जमा झाली आहे. उरलेल्या चोवीस मुलांसाठी ५,११,२०० रुपये हवे आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाने एका मुलाचा हंगाम उचलावा, ही माझी स्पष्ट विनंती आहे. ते शक्य नसल्यास दोघांनी मिळून १०,६५० रुपये प्रत्येकी द्यावेत, किंवा एका महिन्याचे ३,५५० रुपये द्यावेत.

संस्थेला ८०जी मान्यता आहे. जुन्या करप्रणालीने विवरणपत्र भरणाऱ्यांना त्याचा लाभ घेता येईल, मात्र दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेला तो मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा बँकेतून भरणा करावा. जानेवारीत आणि मे महिन्यात हिशेब व हजेरीचा तक्ता आपल्याला घरपोच येईल. मध्येच सोडून गेलेल्या मुलांची संख्याही त्यात असेल.

धान्याची खरेदी दसऱ्यापूर्वी करावी लागते, त्यामुळे रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत हवी आहे. संकल्पपत्रे दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. आपले प्रश्न आता अवश्य विचारावेत. खर्चाच्या पावत्यांची फाइल मी सोबत आणली आहे.