घरे व दुकानांतील वायरिंगची सुरक्षा-तपासणी: विद्युत शाखेच्या दुसऱ्या वर्षासाठी प्रकल्प प्रस्ताव

वायरिंग एकदा होते आणि उपकरणे मात्र वर्षानुवर्षे वाढत राहतात. दोन दिवे आणि एका पंख्यासाठी ओढलेल्या तारेवर पुढे गिझर, इस्त्री, दुकानात असेल तर फ्रीजर येऊन बसतो आणि भिंतीच्या आतली तार तीच राहते. ही तफावत शोधणे, मोजणे आणि घरमालकाला समजेल अशा शब्दांत लिहून देणे हा या प्रकल्पाचा विषय आहे.

दुसऱ्या वर्षाच्या २४ विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे सहा गट करावेत आणि प्रत्येक गटाने सहा आठवड्यांत चार घरे व दोन दुकाने तपासावीत, असे प्रस्तावित आहे. प्रत्येक ठिकाणी मालकाची लेखी संमती घ्यावी आणि निदेशक प्रत्यक्ष हजर असावेत. विद्यार्थ्यांनी तेथे काहीही दुरुस्त करू नये. दुरुस्तीचा मोह होतो, परंतु अर्धवट घट्ट केलेला एक स्क्रू तपासणीचा सगळा हेतू उलटवू शकतो. दुरुस्ती परवानाधारक वायरमननेच करावी.

तपासणीची सुरुवात मीटरने न करता डोळ्यांनी आणि प्रश्नांनी करावी. मूळ वायरिंग केव्हा झाली, त्यानंतर कोणती उपकरणे आली, कोणता बोर्ड गरम लागतो, कुठे दिवे लुकलुकतात, एमसीबी वारंवार पडतो का आणि पडू नये म्हणून कोणी तो मोठा बसवला का, हे विचारावे. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो. तार तीच ठेवून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी लावला, तर तो पडणे थांबते आणि तापण्याची पाळी तारेवर येते. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळण्याचा परिणामही हाच असतो.

सर्वाधिक वेळ सैल जोडांना द्यावा. समजा, एका जोडाचा रोध ०.५ ओहम झाला आहे आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह जात आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने त्या बोटाएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता तयार होते. प्रवाह नेहमीचाच असल्याने एमसीबीला काही कळत नाही, आणि गळती नसल्याने आरसीसीबीही स्वस्थ राहतो. म्हणून नेहमीचा भार अर्धा तास चालू ठेवून बंद बोर्डाच्या आवरणाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे आणि तपकिरी पडलेले सॉकेट, वितळलेल्या प्लगच्या कडा, जळका वास यांची नोंद छायाचित्रासह करावी. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा लावलेला दिसला, तर त्यावरील एकूण भार क्लॅम्प मीटरने मोजावा. मोजमाप एकाच तारेभोवती घ्यावे, कारण फेज आणि न्यूट्रल एकत्र धरल्यास मीटर शून्याजवळ दाखवतो.

अर्थिंगच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नये. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटरने २३० व्होल्ट दाखवले म्हणजे अर्थिंग चांगले, असे ठरत नाही. मीटर अत्यल्प प्रवाह घेत असल्याने गंजलेल्या, जास्त रोधाच्या अर्थवरही जवळपास तेवढेच व्होल्ट दिसतात. त्यासाठी लूप इम्पिडन्स टेस्टरच वापरावा. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडलेले आढळले, तर ते तातडीचे प्रकरण समजावे: अशा ठिकाणी न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या अंगात थेट फेजचा दाब येतो आणि हात लावणाऱ्याला धक्का बसतो.

आरसीसीबी असल्यास त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे. माणसाच्या रक्षणासाठी त्याची संवेदनशीलता ३० मिलीअँपिअर असावी. बटणाने फक्त यंत्रणा चालते एवढेच कळते, अर्थिंगबद्दल काहीच कळत नाही.

मेगर चाचणी निदेशकांनीच करावी. मेन बंद करून कुलूप लावावे, तारेत दाब नाही याची दोन पोलच्या टेस्टरने खात्री करावी, सर्व प्लग काढावेत, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर व सर्ज प्रोटेक्टर वेगळे करावेत आणि मगच फेज व न्यूट्रल एकत्र जोडून अर्थकडे ५०० व्होल्ट डीसी द्यावा. किमान १ मेगाओहम अपेक्षित आहे. त्याहून कमी वाचन आल्यास एकेक सर्किट सुटे करून दोष कुठे आहे ते शोधावे.

अहवाल एका पानाचा असावा. त्यात दोष तीन श्रेणींत लिहावेत: आजच वापर बंद करण्याजोगे, महिन्याभरात दुरुस्त करण्याजोगे आणि पुढच्या वायरिंगच्या वेळी बदलण्याजोगे. प्रत्येक दोषासमोर त्याची नेमकी जागा, घेतलेले वाचन आणि धोका सोप्या वाक्यात यावा. पहिल्या श्रेणीतील दोष अहवालाची वाट न पाहता निदेशकांनी तेथेच मालकाला सांगावा आणि ते सर्किट बंद करायला लावावे. सहाव्या आठवड्यात गटाने पुन्हा तेथे जावे, काय दुरुस्त झाले ते नोंदवावे आणि दुरुस्त सर्किटांची तीच वाचने पुन्हा घ्यावीत; गुणांपैकी निम्मे गुण या दोन्ही वाचनांच्या अचूकतेवर आणि अहवालाच्या स्पष्टतेवर द्यावेत.