वर्गणीची पावती आणि जमाखर्चाचे निवेदन : गणेशोत्सव २०२५, आपला बोळ, कसबा पेठ, पुणे

॥ श्री गणेशाय नमः ॥

वर्गणीची पावती

पुस्तक क्र. २  पावती क्र. ८७
दिनांक : १६ ऑगस्ट २०२५

घर क्र. १४, मागचा वाडा (देणगीदारांच्या इच्छेनुसार नाव लिहिलेले नाही) यांच्याकडून भाद्रपद शके १९४७ च्या सार्वजनिक गणेशोत्सवासाठी वर्गणी रुपये १,००१/- (अक्षरी : एक हजार एक रुपये फक्त) साभार मिळाली.

कशी मिळाली : यूपीआयने, मंडळाच्या बँक खात्यात. व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक ५३०८.
कशासाठी : सर्वसाधारण उत्सव खर्च.

वर्गणी ऐच्छिक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाकडून वर्गणी गोळा करण्याची परवानगी घेतली असून तिची प्रत मंडपातील फलकावर लावली आहे. मंडळाची ८० जी नोंदणी नाही, त्यामुळे या पावतीवर आयकरात सवलत मिळणार नाही.

ही पावती जपून ठेवावी. उत्सवानंतर लागणाऱ्या यादीत पावती क्र. ८७ समोर रु. १,००१ असेच दिसले पाहिजे. तसे न दिसल्यास खजिनदारांना लगेच सांगावे.

वर्गणी घेणाऱ्याची सही  खजिनदाराची सही

---

जमाखर्चाचे निवेदन

दिनांक : २८ सप्टेंबर २०२५

सस्नेह नमस्कार.

२७ ऑगस्टला गणपती बसले, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीला विसर्जन झाले. त्यानंतर सर्व बिले चुकती केली, बँकेचा उतारा आणला, आणि हा हिशेब आता तुमच्यासमोर ठेवत आहोत. वर्गणी मागायला आम्ही प्रत्येक दारात गेलो होतो, म्हणून हिशेबही प्रत्येक दारात पोचवत आहोत. नुसता फलकावर लावला तर जिना उतरता न येणाऱ्या आजी-आजोबांनी तो वाचायचा कसा?

जमा

मागील वर्षाची शिल्लक (रोख १,२४० + बँक १७,३६०) : १८,६००
घरगुती वर्गणी, १०४ पावत्या : ८४,२५०
दुकानदारांची वर्गणी, २७ पावत्या : ५८,६००
फक्त महाप्रसादासाठी देणगी, ४ पावत्या : २२,०००
दानपेटी : १३,४८६
मंडपातील जाहिरात फलक, दोन : १२,०००
बँकेचे व्याज : ४१२
एकूण : २,०९,३४८

खर्च

शाडूची मूर्ती, अडीच फूट : १६,५००
मंडप, पत्र्याचे छत, खुर्च्या : ४२,०००
रोषणाईचे भाडे : १८,५००
वीजबिल (महावितरणचे तात्पुरते कनेक्शन) : ४,८७०
सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे भाडे : ४,५००
पूजासाहित्य, फुले, हार : ९,३६४
गुरुजींची दक्षिणा : ५,१००
रोजच्या आरतीचा प्रसाद : ७,२१५
महाप्रसाद : ३१,४८०
मुलांच्या आणि महिलांच्या स्पर्धा, बक्षिसे : ८,६५०
ढोल-ताशा पथकाचे मानधन : २१,०००
विसर्जनाचा टेम्पो : ५,५००
पावतीपुस्तके, फलक, पत्रिका यांची छपाई : ४,१८०
पाणी आणि साफसफाई : ३,६००
किरकोळ : १,३४२
एकूण खर्च : १,८३,८०१

महावितरणकडे अनामत (परत येणे) : ५,०००
अखेरची शिल्लक (रोख ६४२ + बँक १९,९०५) : २०,५४७
एकूण : २,०९,३४८

आता आकड्यांमागचे थोडे.

तीन पावतीपुस्तके छापली होती, प्रत्येकी पन्नास पावत्यांची. पहिली दोन पूर्ण वापरली. तिसऱ्यातल्या १०१ ते १३७ फाटल्या, १३८ ते १५० कोऱ्या आहेत आणि पुस्तकातच आहेत. फाटलेल्या १३७ पैकी दोन रद्द आहेत : क्र. ४४ वर आकडा चुकला म्हणून क्र. ४५ नवी दिली, आणि क्र. ९१ पावसात भिजून शाई पसरली म्हणून क्र. ९२ दिली. दोन्ही रद्द पावत्या फेकलेल्या नाहीत, त्यांच्या स्थळप्रतीला टाचून ठेवल्या आहेत. उरल्या १३५ पावत्या, त्यांचीच बेरीज १,६४,८५०. यातले ७१,३५० रोख (७१ पावत्या), ७८,५०० यूपीआयने (६१ पावत्या) आणि १५,००० धनादेशाने (३ पावत्या). यूपीआयच्या एकसष्ट रकमा बँकेच्या उताऱ्याशी एकेक करून ताडून पाहिल्या आहेत. क्यूआर कोड यंदा फक्त मंडळाच्या खात्याचाच होता. कोणा कार्यकर्त्याच्या खासगी मोबाइलवर एकही रक्कम घेतलेली नाही.

पावत्यांची यादी मंडपाच्या जागेवरील फलकावर लावली आहे. तीत पावतीचा क्रमांक आणि रक्कम एवढेच आहे, नावे नाहीत. कोणी एकावन्न दिले आणि कोणी पाच हजार, हे शेजाऱ्यांनी एकमेकांत मोजत बसावे असे आम्हाला वाटत नाही. आपल्या हातातली पावती काढा, क्रमांक शोधा, रक्कम पाहा. दोन मिनिटांचे काम आहे. बोळातल्या ११८ घरांपैकी १०४ घरांनी वर्गणी दिली. उरलेल्या चौदा घरांची यादी कुठेही लागणार नाही आणि त्यांच्याकडे पुन्हा कोणी जाणारही नाही. आरतीला आणि महाप्रसादाला ती माणसे आपल्यासोबतच होती.

मंडपाचा आकडा डोळ्यात भरतो, आणि भरायलाच हवा. गेल्या वर्षी तो ३६,५०० होता, यंदा ४२,०००. वाढ पत्र्याच्या छताची आहे. कापडी छताखाली गेल्या वर्षी दोन रात्री पाणी गळले होते, आणि विजेच्या तारा तिथूनच गेलेल्या. तिघांकडून दरपत्रके घेतली होती : ४२,०००, ४५,५०० आणि ५१,०००. सर्वांत कमी दर स्वीकारला. तिन्ही दरपत्रके फाइलमध्ये आहेत.

विजेसाठी शेजारच्या घरातून वायर न ओढता महावितरणचे तात्पुरते कनेक्शन घेतले. गणेश मंडळांना ते घरगुती दराने मिळते, त्यामुळे अकरा दिवसांचे बिल ४,८७० वर थांबले. अनामतीचे ५,००० आम्ही मुद्दाम खर्चात धरलेले नाहीत. ते आपले पैसे आहेत आणि मंडळाच्या खात्यात परत यायचे आहेत. आले की त्याची नोंद फलकावर तारखेसह लागेल.

महाप्रसादासाठी चार देणगीदारांनी २२,००० रुपये दिले आणि ते अन्नदानालाच लागावेत असे सांगितले. ते तिथेच लागले. एकूण खर्च ३१,४८०, म्हणजे सर्वसाधारण वर्गणीतून ९,४८० घातले. एकादशी ३ सप्टेंबरला होती, त्यामुळे पंगत द्वादशीला, गुरुवारी ४ तारखेला घेतली. सुमारे ३८० पाने उठली. पानामागे साधारण ८३ रुपये पडले, आणि ते एवढ्यावर भागले याचे कारण वस्तुरूपाने आलेली मदत : चाळीस किलो तांदूळ, तेलाचा एक डबा, दहा किलो गूळ, आणि वाढपाला आलेले बोळातले तरुण हात. वस्तूंची किंमत आम्ही जमेत धरलेली नाही, पण प्रत्येक वस्तूची वेगळी नोंदवही आहे आणि देणाऱ्याला पोच दिली आहे. उरलेला सहा किलो तांदूळ आणि दोन किलो गूळ दुसऱ्याच दिवशी आरतीच्या प्रसादाला वापरला.

दानपेटी ७ सप्टेंबरला सकाळी उघडली. मोजणीला कार्यकारिणीतले दोघे आणि कार्यकारिणीबाहेरच्या चौघी होत्या. सहा जणांच्या सह्यांचा कागद आहे. १३,४८६ रुपये निघाले, त्यात नाणीच बरीच. रविवार असल्याने सोमवारी बँकेत भरले, भरण्याची स्लिप त्याच कागदाला जोडली आहे.

‘किरकोळ’ या एका शब्दावर दरवर्षी सर्वांत जास्त कुजबूज होते, आणि ती रास्त आहे. गेल्या वर्षी त्या नावाखाली ६,९१० होते. यंदा पाणी, सफाई, छपाई यांना स्वतंत्र ओळी दिल्या. जे खरोखरच कुठे बसत नाही तेवढेच मागे राहिले : सुतळी, खिळे, चिकटपट्टी, झेरॉक्स, रिक्षाभाडे. १,३४२ रुपयांच्या एकवीस चिठ्ठ्या आहेत.

फुलवाली, हमाल, सफाईची माणसे यांच्याकडे छापील बिल नसते. त्यांच्यासाठी व्हाउचर केले, त्यावर रक्कम, काम, तारीख आणि त्यांची सही किंवा अंगठा घेतला, शेजारी दोन कार्यकर्त्यांच्या सह्या. तीन हजारांवरची प्रत्येक रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून थेट दिली आहे. रोख वर्गणी आधी बँकेत भरली, मग लागेल तशी काढली. वर्गणीच्या पैशातून परस्पर खर्च केलेला नाही.

मिरवणुकीला डीजे नव्हता, पथक होते. मानधन २१,००० हा आमच्या आवाक्यातला मोठा खर्च आहे. काहींना तो जास्त वाटला, आणि पुढच्या वर्षी टाळ-भजनाची मिरवणूक काढावी अशी सूचना आली आहे. आम्हाला स्वतःला ती पटते, पण ठरवायचे सर्वांनी मिळून. मूर्तीचे विसर्जन महापालिकेच्या हौदात केले.

हिशेब कार्यकारिणीत नसलेल्या दोन रहिवाशांनी तपासला आहे. त्यातल्या एक ताई निवृत्त बँक कर्मचारी आहेत. त्यांनी दोन शंका काढल्या : टेम्पोच्या बिलावर गाडीचा क्रमांक नव्हता, आणि एका फुलांच्या व्हाउचरवर तारीख नव्हती. गाडीमालकाकडून क्रमांकासह नवे बिल आणले. तारीख मात्र मागाहून लिहिली नाही. त्या व्हाउचरवर ‘तारीख नाही, रक्कम ४६० रु., तपासली’ असा शेरा ताईंच्या सहीने तसाच ठेवला आहे.

मूळ बिले, व्हाउचर, तिन्ही पावतीपुस्तके, दरपत्रके आणि बँकेचा उतारा ५ ऑक्टोबरपासून ११ ऑक्टोबरपर्यंत रोज संध्याकाळी ७ ते ९ पुढच्या वाड्याच्या चौकात पाहायला मिळतील. वर्गणी दिली असो वा नसो, बोळातल्या कोणीही यावे. ज्यांना जिना उतरणे शक्य नाही त्यांनी निरोप पाठवावा, फाइल घेऊन आम्ही घरी येऊ. फोटो काढायला हरकत नाही, फक्त देणगीदारांची नावे असलेल्या स्थळप्रतींचे काढू नयेत.

सर्वसाधारण सभा रविवार, १२ ऑक्टोबर २०२५ रोजी सायंकाळी ६ वाजता त्याच चौकात आहे. विषय तीन : हा हिशेब मंजूर करणे, शिल्लक २०,५४७ रुपयांतून मंडळाची स्वतःची दोन अग्निशामक नळकांडी घ्यायची का हे ठरवणे, आणि पुढच्या मिरवणुकीविषयी आलेली सूचना. सभेत मंजूर झाल्यावर हाच हिशेब धर्मादाय कार्यालयात सादर होईल. सभेत त्यात काही दुरुस्ती सुचली तर दुरुस्त प्रत पुन्हा प्रत्येक घरी येईल.

आपले नम्र,
अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, आपला बोळ, कसबा पेठ, पुणे

हिशेब तपासला, मूळ कागदांशी जुळतो : हिशेब तपासनीस (दोन सह्या), २७ सप्टेंबर २०२५