विषय: कामगिरी सुधार योजना, ६ जुलै ते ३ सप्टेंबर २०२६

प्रति,
श्री. नाईक,
सीनियर एक्झिक्युटिव्ह, गुणवत्ता आश्वासन विभाग, वेर्णा

दिनांक: २ जुलै २०२६

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी, ३० जून रोजी, आपण, आपले विभागप्रमुख आणि मी यांच्यात झालेल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे आपली कामगिरी सुधार योजना या ईमेलद्वारे कळवीत आहे. इंग्रजीतील नमुना सोबत जोडला आहे. तो घरी शांतपणे वाचता यावा यासाठी सर्व काही मराठीतही लिहून द्यावे, अशी विनंती आपण केली होती. ती रास्त असल्यामुळे हा मजकूर सविस्तर लिहीत आहे.

जानेवारी ते मे या पाच महिन्यांत आपल्याकडे सोपवलेल्या १४ डेव्हिएशनपैकी ९ आपल्या एसओपीतील ३० दिवसांच्या मुदतीनंतर क्लोज झाली, आणि त्यांतील तीन अहवाल, नोंदवलेल्या रूट कॉजला पुरावा नसल्यामुळे, परत पाठवावे लागले. याच काळात आपण तपासून पुढे पाठवलेल्या सात बॅच रेकॉर्डमध्ये लाइन क्लिअरन्सची राहिलेली सही किंवा यील्डच्या हिशेबातील तफावत अंतिम मंजुरीच्या टप्प्यावर आढळली. त्यांपैकी एका बॅचचा माल एप्रिलमध्ये चार दिवस गोदामात अडकून राहिला. आपली हजेरी, सहकाऱ्यांशी वागणूक किंवा प्रामाणिकपणा यांविषयी कोणतीही तक्रार नाही, आणि ही योजना त्यांच्याशी संबंधित नाही.

बैठकीत आपण मांडलेला मुद्दाही येथे नोंदवतो. फेब्रुवारीत एक सहकारी प्रसूती रजेवर गेल्यानंतर कॅप्सूल लाइनचे काम आपल्या टॅब्लेट लाइनच्या कामात मिळवले गेले आणि त्यासाठी वेगळे मनुष्यबळ दिले गेले नाही. हे खरे आहे. सर्व उशिरांचे कारण तेवढेच आहे असे विभागप्रमुखांना वाटत नाही, कारण परत आलेल्या तीन अहवालांपैकी दोन जानेवारीतील आहेत. तथापि वाढीव काम तसेच ठेवून सुधारणेची अपेक्षा करणे योग्य ठरणार नाही. म्हणून सोमवार, ६ जुलैपासून कॅप्सूल लाइनचे रेकॉर्ड दुसऱ्या सहकाऱ्याकडे जातील आणि योजनेच्या काळात ते आपल्याकडे परत दिले जाणार नाहीत.

योजनेतील अपेक्षा अशा आहेत. सध्या प्रलंबित असलेली चारही डेव्हिएशन २४ जुलैपर्यंत क्लोज व्हावीत. नव्याने येणारी ३० दिवसांच्या आत आणि रूट कॉजच्या पुराव्यासह पूर्ण व्हावीत. आणि ऑगस्टमध्ये आपण तपासलेल्या बॅच रेकॉर्डमध्ये अंतिम मंजुरीच्या वेळी सुटलेली नोंद एकाहून अधिक आढळू नये. रूट कॉज शोधण्याच्या पद्धतीवर दर बुधवारी दुपारी ४ ते ५ या वेळेत प्रशिक्षण होईल आणि त्याला जोडूनच विभागप्रमुखांसोबत पंधरा मिनिटांचा आढावा होईल, म्हणजे फोंड्याची कंपनी बस चुकणार नाही. प्रत्येक आढाव्याची लेखी नोंद त्याच दिवशी आपल्याला मिळेल. ऑगस्टमधील २० ते २२ तारखांची आपली मंजूर रजा कायम आहे.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. मुदत गाठण्यासाठी मागील तारीख घालणे किंवा अपुरी चौकशी पूर्ण झाल्याचे दाखवणे ही औषधनिर्मितीत संथ कामापेक्षा कितीतरी गंभीर बाब आहे. एखादे डेव्हिएशन खरोखरच ३० दिवसांत उलगडत नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी कारणासह मुदतवाढ मागावी. अशी मागणी योजनेतील अपयश म्हणून धरली जाणार नाही.

आता, या पत्राचा अर्थ काय, हा प्रश्न आपण बैठकीच्या शेवटी विचारला होता आणि त्यावर मी दिलेले उत्तर मोघम होते, असे मला वाटते. पीआयपीचे पत्र हाती पडले की निर्णय आधीच झाला आहे आणि आता केवळ कागद जमवले जात आहेत, असा समज सर्वसाधारणपणे होतो. काही ठिकाणी तसे घडतेही, त्यामुळे त्या समजाला मी निराधार म्हणणार नाही. हे पत्र आपल्या नस्तीत राहील आणि पुढे वाद उद्भवल्यास कंपनी त्याचा पुरावा म्हणून आधार घेईल. सेवासमाप्ती हा योजनेच्या शेवटी संभवणाऱ्या निर्णयांपैकी एक आहे, आणि तो मी सौम्य शब्दांत झाकू इच्छीत नाही. योजना सुरू असेपर्यंत वेतनवाढ आणि अंतर्गत बदलीचा अर्ज स्थगित राहील.

परंतु निर्णय झालेला नाही. ही योजना केवळ औपचारिकता आहे की नाही, हे आपल्याला माझ्या आश्वासनावरून नव्हे, तर पुढील काही आठवड्यांतील वागण्यावरून ओळखता येईल: कॅप्सूल लाइनचे काम खरोखर काढून घेतले जाते का, बुधवारचे आढावे ठरल्या वेळी होतात का, आणि मध्येच उद्दिष्टे बदलली जातात का. यांपैकी काही बिघडल्यास मला त्याच दिवशी ईमेल करावा, तोंडी सांगण्यावर थांबू नये. या काळात कोणीही आपल्याला राजीनामा सुचवू नये, अशी स्पष्ट सूचना मी विभागप्रमुखांना दिली आहे. कोणी सुचवलाच, तर तो देण्यास आपण बांधील नाही.

घरच्यांना पडणाऱ्या प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे येथेच देतो. योजनेच्या काळात पगार, भविष्य निर्वाह निधीचा भरणा आणि वैद्यकीय विमा यांत कोणताही बदल होत नाही. आपली सेवा जून २०१८ पासून सलग असल्याने पाच वर्षांची अट केव्हाच पूर्ण झाली आहे, आणि कामगिरी समाधानकारक नाही या कारणावरून ग्रॅच्युइटी रोखता येत नाही. योजनेचा निकाल काहीही लागला तरी ती आपलीच आहे. या पत्राविषयी आपण वकिलांचा किंवा पणजीतील श्रम आयुक्त कार्यालयाचा सल्ला घेतल्यास कंपनीची त्याला हरकत नाही.

अंतिम आढावा शुक्रवार, ४ सप्टेंबर रोजी सकाळी ११ वाजता होईल. उद्दिष्टे पूर्ण झाल्यास योजना बंद झाल्याचे लेखी कळवले जाईल आणि स्थगित वेतनवाढीचा विचार मूळ तारखेपासून केला जाईल. सुधारणा दिसली, पण अपुरी राहिली, तर एकदाच ३० दिवसांची मुदतवाढ देता येईल. निर्णय कोणताही असो, तो ९ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे चतुर्थीच्या आधी, आपल्या हाती असेल. सणात घरी बसून निरोपाची वाट पाहण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणून ही तारीख मी आग्रहाने ठरवून घेतली आहे.

सोबतच्या प्रतीवर सही करून ती सोमवारी माझ्याकडे द्यावी. सहीचा अर्थ पत्र मिळाले एवढाच आहे, त्यातील मजकूर मान्य आहे असा नाही, आणि तसे सहीच्या वर छापलेले आहे. वरील आकड्यांपैकी एखादा चुकीचा वाटत असल्यास डेव्हिएशन क्रमांकासह आपले म्हणणे शुक्रवार, १० जुलैपर्यंत लेखी पाठवावे. ते या पत्राला जोडले जाईल आणि आकडा चुकीचा निघाल्यास पत्रात दुरुस्ती केली जाईल. पहिले प्रशिक्षण बुधवार, ८ जुलै रोजी दुपारी ४ वाजता, पहिल्या मजल्यावरील प्रशिक्षण कक्षात आहे, आणि पहिला आढावा त्याला जोडूनच होईल. चारही प्रलंबित डेव्हिएशनच्या फाइल सोबत आणाव्यात.

आपला,
कामत
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग, वेर्णा

प्रत: विभागप्रमुख, गुणवत्ता आश्वासन